रस्ता सुरक्षेविषयीची तीस सेकंदांची जनहित जाहिरात (संहितालेखन)

रस्ता सुरक्षेविषयीची जनहित जाहिरात ही दूरचित्रवाणीवर प्रसारित होणारी, विक्रीचा हेतू नसलेली लघु चित्रफीत असते. भारतीय प्रसारणात सेकंदाला २५ चित्रचौकटी दाखवल्या जातात. त्यामुळे तीस सेकंदांची जाहिरात ७५० चौकटींत संपवावी लागते. तिची संहिता दोन रकान्यांत लिहिली जाते: डावीकडे दृश्य, उजवीकडे निवेदन व ध्वनी.

संदेशाची निवड

एवढ्या वेळात प्रेक्षकाला एकच कृती सांगता येते. ‘सुरक्षित वाहन चालवा’ ही कृती नव्हे, ‘हेल्मेटचा पट्टा लावा’ ही कृती आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ मधील व्याख्येनुसारही हेल्मेट पट्ट्याने किंवा अन्य बंधनाने डोक्याला घट्ट बांधलेले असणे आवश्यक आहे.

शब्दांची मर्यादा

सावकाश मराठी निवेदनात सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात. त्यामुळे तीस सेकंदांत कमाल साठ शब्द मावतात, परंतु तेवढे लिहिल्यास ध्वनीला आणि शांततेला जागा उरत नाही. चित्रात दिसणारी गोष्ट निवेदनात पुन्हा सांगितली जात नाही.

नमुना संहिता

० ते ६ सेकंद
दृश्य: घराचे दार. मुलगी वडिलांना हेल्मेट देते. ते डोक्यावर ठेवून दुचाकी सुरू करतात.
ध्वनी: केवळ इंजिनाचा आवाज.

६ ते १३ सेकंद
दृश्य: रस्ता. वाऱ्यावर हलणारा मोकळा पट्टा जवळून दिसतो.
निवेदन: ‘हेल्मेट आहे. पण पट्टा मोकळा आहे.’

१३ ते २० सेकंद
दृश्य: काळा पडदा. नंतर रस्त्यावर घरंगळणारे रिकामे हेल्मेट.
ध्वनी: ब्रेकचा आवाज, मग शांतता.
निवेदन: ‘धडकेच्या क्षणी सैल हेल्मेट डोक्यावरून निघून जाते.’

२० ते २५ सेकंद
दृश्य: पुन्हा घराचे दार. या वेळी मुलगी स्वतः पट्टा लावते.
ध्वनी: ‘टक्’.

२५ ते ३० सेकंद
दृश्य: स्थिर अक्षरे व प्रायोजक विभागाचे नाव.
निवेदन: ‘पट्टा लावला, तरच हेल्मेट.’

या संहितेत निवेदनाचे केवळ सतरा शब्द आहेत. अपघातग्रस्त शरीर दाखवलेले नाही, कारण भीषण दृश्य पाहून प्रेक्षकाने नजर वळवली, तर पुढील कृती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ‘टक्’ हा ध्वनी मात्र ती कृती लक्षात ठेवण्यास मदत करतो.

तपासणी व सामान्य दोष

संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचली जाते. मनात वाचताना वेग वाढत असल्याने वेळेचा अंदाज चुकतो. त्यानंतर केवळ दृश्याचा रकाना एखाद्या अनभिज्ञ व्यक्तीस वाचून दाखवतात. तिला अपेक्षित कृती सांगता आली नाही, तर संदेश निवेदनावरच अवलंबून आहे असे समजावे.

शेवटची अक्षरे घाईने येणे हा नेहमीचा दोष आहे. पट्ट्यासोबत वेग, मद्यपान व भ्रमणध्वनी यांचाही उल्लेख करण्याचा प्रायोजकाचा आग्रह हा दुसरा. अशा वेळी प्रत्येक विषयाची स्वतंत्र जाहिरात करणे श्रेयस्कर ठरते.