निद्रा-श्वासरोध, अवरोधी
झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग वारंवार मिटण्याचा विकार. अरुंद वाटेने हवा जाताना मोठे घोरणे ऐकू येते. वाट पूर्ण मिटली की ते अचानक थांबते, छाती-पोट मात्र हलतच राहते. किमान 10 सेकंदांच्या या खंडात रक्तातील ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि रोगी धापेसरशी श्वास घेतो. सहा तासांच्या झोपेत असे 180 खंड, म्हणजे तासाला 30, ही तीव्र अवस्था होय. रोग्याला यातले काही आठवत नाही. त्याला जाणवते ते तोंडाने श्वास घेतल्यामुळे सकाळी कोरडे पडलेले तोंड आणि दिवसाची पेंग. त्यामुळे शेजारी झोपणाऱ्याची साक्ष मोलाची. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांच्या 2004 मधील अभ्यासात मध्यमवयीन पुरुषांपैकी 7.5 टक्क्यांना दिवसाच्या पेंगेसह हा विकार आढळला.