‘शेक दिल्यास दुखणे कमी होईल’ : डॉक्टरांचं एक पत्र साधन म्हणून वाचताना

मागच्या वर्षी एका कुटुंबाने मला एक जुनं पत्र वाचायला दिलं. अट एकच: नाव, गाव, हॉस्पिटल काहीही छापायचं नाही. पत्र १९९१ सालचं, मुंबईच्या एका हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सातारा जिल्ह्यातल्या थोरल्या मुलाला लिहिलेलं. आईला स्तनाचा कर्करोग. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेलं, आता रोग पाठीच्या मणक्यांत आणि मांडीच्या हाडात उतरलेला. दीड पान मजकूर. सांगणं एवढंच की आजार आता बरा होणार नाही, यापुढे जे करायचं ते त्रास कमी करण्यासाठी.

तुम्ही वैद्यकाच्या सामाजिक इतिहासाकडे वळणार असाल तर असं काहीतरी हाती लागेलच. अशा वेळी पहिली ओढ असते ती भावनेची. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा वहीत एक शब्द लिहू शकलो नाही. पण नंतर जे टिपण केलं तेही चुकीचंच होतं, म्हणून ते सांगतो.

माझं पहिलं टिपण असं होतं: ‘पत्र मुलाला आहे, आईला नाही. शेवटी लिहिलंय की आईंना किती सांगायचे ते आपण घरच्यांनी ठरवावे. भारतीय कुटुंबपद्धतीचा नमुना.’ वाचायला बरं वाटतं, नाही का? मार्गदर्शक बाईंनी एकच प्रश्न विचारला: “मग इतर ठिकाणी काय करत होते?” मी गप्प.

शोधलं तेव्हा कळलं ते असं. मँचेस्टरच्या थॉमस पर्सिव्हल या डॉक्टरांनी १८०३ साली वैद्यकीय नीतीवर पुस्तक लिहिलं. त्यात रोग्यापुढे निराशेचं भाकीत करू नये, पण धोका असेल तर जवळच्या माणसांना वेळेत कळवावं, असा सल्ला आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १८४७ मध्ये आपली आचारसंहिता केली तेव्हा हाच विचार उचलला. आणि हे सगळं फार जुनं म्हणून सोडून द्यावं, तर १९६१ मध्ये डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोच्या एका हॉस्पिटलमधल्या २१९ डॉक्टरांना विचारलं की कर्करोगाच्या रुग्णाला निदान सांगता का. सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. १९७९ साली अशीच पाहणी पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा चित्र पार उलटलेलं: ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे. म्हणजे अमेरिकेत हा बदल जेमतेम अठरा वर्षांत झाला. माझ्या पत्रातली ती ओळ ‘आपली संस्कृती’ म्हणून बाजूला काढून ठेवायची सोय राहिली नाही. शिवाय बारकाईने पाहिलं तर ‘सांगू नका’ असं डॉक्टरांनी लिहिलेलंच नाही. ‘किती’ एवढाच शब्द आहे.

आता औषधांचा परिच्छेद बघा, कारण खरा माल तिथेच आहे. मॉर्फिनच्या गोळ्या दर चार तासांनी द्यायच्या, दुखू लागण्याची वाट पाहायची नाही. रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मधे उठवावं लागणार नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. हे शेवटचं वाक्य मला आधी किरकोळ वाटलं होतं. पण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच, आणि त्या त्रासापायी घरचे लोक दुखण्याची गोळीच बंद करून टाकतात. ज्याने ते आधीच लिहिलं, त्याने हे औषध पुस्तकात नुसतं वाचलेलं नाही, पेशंटला घरी देऊन पाहिलेलं आहे.

इथे माझी दुसरी चूक. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या दुखण्यासाठी पायरीपायरीने औषधं वाढवण्याची पद्धत छापली: तोंडावाटे, घड्याळाप्रमाणे. पत्र १९९१ चं, पद्धत १९८६ ची, म्हणून मी ‘प्रभाव’ असं लिहून मोकळा झालो. पण वेळेवर, ठरलेल्या अंतराने मॉर्फिन देण्याची रीत त्याहून बरीच जुनी. सिसिली सॉन्डर्स यांनी ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या सेंट ल्यूक्समध्ये पाहिली होती आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारण्यापूर्वीच सेंट जोसेफ्समध्ये राबवली होती. आपल्याकडे वांद्र्याला शांती आवेदना १९८६ मध्ये सुरू झालं. आमचे डॉक्टर हे नेमकं कुठून शिकले, ते पत्रावरून ठरत नाही. दोन तारखा एकापाठोपाठ आल्या की मधे बाण काढायचा मोह होतो. तो काढू नका.

पत्रात असंही आहे की गोळ्या गावात मिळणार नाहीत, दर पंधरा दिवसांनी केसपेपर घेऊन मुलाने स्वतः यावे. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. त्यानंतर मॉर्फिन ठेवायचं तर परवान्यांची रांग लागायची, आणि साध्या औषधांच्या दुकानाला ते परवडण्यासारखं नव्हतं. तेव्हा हे वाक्य डॉक्टरांच्या शिस्तीचं नाही, कायद्याचं आहे. सातारा-मुंबई एसटीचा तो महिन्यातून दोनदाचा फेरा त्या कायद्याची घरापर्यंत पोचलेली किंमत.

पण या पत्रातली सगळ्यात महागात पडलेली ओळ वेगळीच: ‘मणक्यावर पाच दिवस शेक दिल्यास दुखणे कमी होईल.’ शेक म्हणजे किरणोपचार, आपल्याकडे लोक तोच शब्द वापरतात. हाडात उतरलेल्या रोगाला असे थोडे शेक देतात ते फक्त दुखणं कमी करण्यासाठी, आणि त्याचा गुण यायला एक-दोन आठवडे जातात. डॉक्टरांनी ‘दुखणे’ लिहिलं. मुलाने शाईने अधोरेखित केलंय ते ‘कमी होईल’. कुटुंबाकडे त्याच्या उत्तराचा कच्चा खर्डा आहे. शेकानंतर आई पंधरवड्यात उठून बसू लागली, तेव्हा त्याने विचारलंय की आता ऑपरेशन करता येईल का. उपचार लागू पडला, पण त्याचा अर्थ घरी उलटा लागला. ‘रोग बरा होणार नाही’ हे वाक्य आणि शेकाचं वाक्य यांच्यात पत्रात सहा ओळींचं अंतर आहे. मधे ‘शेकाने रोग जाणार नाही’ एवढं जोडलं असतं तर? मला वाटतं तरीही त्याने विचारलंच असतं. पण हे माझं वाटणं आहे, पुरावा नव्हे.

पत्र परत करायच्या आदल्या दिवशी मी ते उलटून पाहिलं. आधी का पाहिलं नाही, याला उत्तर नाही. मजकूर संपला की पान संपलं असंच धरून चाललो होतो. मागे पेन्सिलीने उभे रकाने: ६, १०, २, ६, १०. त्याखाली रोजच्या खुणा. अक्षर सुनेचं, असं घरच्यांनी सांगितलं. ती सातवी शिकलेली, आणि पत्रात तिचा उल्लेख कुठेच नाही. पहिल्या तीन आठवड्यांत एकही खूण चुकलेली नाही. चौथ्या आठवड्यापासून शेवटच्या १० पुढे वेगळ्या, दाबून लिहिलेल्या अक्षरात आणखी एक रकाना येतो: रात्रीचे २. म्हणजे दुप्पट गोळीही आता पुरत नव्हती, आणि कोणीतरी उठत होतं. त्या रकान्यात अकरा खुणा आहेत.