तळटीप १४ : मसावि, लसावि

१४. तुळजापूरच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळवण्यासाठी पाचवीची मुले जी परीक्षा देतात, तिच्या अंकगणितात मसावि-लसाविचे प्रश्न येतात. मसावि म्हणजे महत्तम सामाईक विभाजक, लसावि म्हणजे लघुतम सामाईक विभाज्य. सरावाच्या कार्यपत्रिकेत संख्यांच्या प्रत्येक जोडीचे मूळ अवयव पाडलेले आहेत. उदाहरणार्थ, ७२ = २ × २ × २ × ३ × ३ आणि १०८ = २ × २ × ३ × ३ × ३. दोन्हींत सामाईक २ × २ × ३ × ३, म्हणून मसावि ३६. लसाविसाठी प्रत्येक मूळ अवयव जिथे जास्त वेळा आला तितक्या वेळा घ्यायचा: २ तीनदा, ३ तीनदा, म्हणजे २१६. ताळा : ३६ × २१६ = ७२ × १०८ = ७७७६. हा ताळा दोनच संख्यांना चालतो. ४, ६, १० घेतल्या की मसावि २, लसावि ६०, पण संख्यांचा गुणाकार २४०.

पुढे ही कार्यपत्रिका सोडवणारा मुलगा ‘२ ने आणि ६ ने भाग जातो, म्हणजे १२ नेही जाणार’ म्हणतो, तिथे तो चुकतो. १८ पाहा. २ आणि ६ यांचा लसावि ६ च आहे, १२ नव्हे. १२ ची कसोटी ३ आणि ४ या सहमूळ जोडीने लागते.