ग्लायकेटेड हिमोग्लोबिन

ग्लायकेटेड हिमोग्लोबिन (एचबीए१सी) : तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनपैकी किती भागाला ग्लुकोज कायमचे चिकटले आहे, हे टक्क्यांत सांगणारी रक्ततपासणी. बोलीभाषेत तिला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात. रक्तातले ग्लुकोज कोणत्याही विकराच्या मदतीविना हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाशी असलेल्या व्हॅलिन या अमिनो आम्लाला जाऊन चिकटते. सुरुवातीचा बंध सैल असतो. पुढे त्याची रचना बदलून तो पक्का होतो आणि मग ती पेशी जिवंत असेपर्यंत सुटत नाही. रक्तात साखर जितकी जास्त आणि जितका काळ जास्त, तितके हिमोग्लोबिन अधिक माखले जाते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे अहवालातला आकडा एका क्षणाचा नसून त्या काळातील सरासरीचा असतो. मधुमेहींमध्ये या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढलेले असते, हे सॅम्युअल रहबर यांनी १९६८ मध्ये तेहरानमध्ये दाखवले. आज ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आकडा मधुमेहाचे निदान करण्यासाठी ग्राह्य धरतात.

टक्क्यांचे साखरेच्या आकड्यांत रूपांतर करण्याचे प्रचलित सूत्र २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील सुमारे ५०० व्यक्तींच्या अभ्यासातून आले. टक्केवारीला २८.७ ने गुणायचे आणि गुणाकारातून ४६.७ वजा करायचे. उत्तर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मिळते. ७ टक्क्यांसाठी गुणाकार २००.९ येतो, म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४. याच हिशेबाने ६ टक्के म्हणजे १२६ आणि ८ टक्के म्हणजे १८३. एक टक्का वाढला की सरासरी जवळजवळ २९ ने चढते. प्रयोगशाळा हा आकडा अहवालात ‘अंदाजित सरासरी ग्लुकोज’ म्हणून छापतात. त्यातला ‘अंदाजित’ हा शब्द मात्र वाचणाऱ्याच्या नजरेतून हमखास निसटतो. त्याच अभ्यासात ७ टक्के असलेल्या बहुतेक व्यक्तींची प्रत्यक्ष सरासरी १२३ ते १८५ या बऱ्याच रुंद पट्ट्यात पसरलेली होती.

हा आकडा रोजचा का नव्हे, हे पेशींच्या वयांवरून कळते. रक्तात कालच्या पेशी असतात तशा तीन महिन्यांपूर्वीच्याही असतात. परंतु जुन्या पेशी रोज नाहीशा होत असल्यामुळे अलीकडच्या दिवसांचे पारडे जड राहते : आकड्याचा सुमारे अर्धा भाग शेवटच्या महिन्यात ठरतो, पाव भाग त्याआधीच्या महिन्यात आणि उरलेला पाव त्याहून जुन्या दोन महिन्यांत. समजा, एखाद्याची सरासरी २४० होती, म्हणजे आकडा १०. उपचार सुरू होताच ती १४० वर आली, म्हणजे अखेरीस आकडा ६.५ व्हायला हवा. तरीही महिन्याभराने केलेली तपासणी ८.२ च्या आसपास दाखवील, दोन महिन्यांनी ७.४, आणि ६.५ दिसायला चार महिने लागतील. पहिल्या महिन्यातल्या ८.२ वरून औषध फसले असे ठरवून मात्रा वाढवली, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. म्हणून उपचार बदलल्यावर ही तपासणी तीन महिन्यांनी करतात.

यावर असा आक्षेप येतो की आदल्या दिवशीच्या उपासाने किंवा लग्नाच्या जेवणाने हा आकडा हलत नाही, तेव्हा ग्लुकोमीटरपेक्षा तोच खरा. पहिला भाग बरोबर आहे, निष्कर्ष मात्र चुकतो. हलत नाही म्हणूनच तो आज इन्सुलिन किती घ्यावे हे सांगू शकत नाही. एकाची साखर दिवसभर १३० ते १८० मध्ये राहते, दुसऱ्याची पहाटे ५५ आणि जेवणानंतर ३०० होते. सरासरी १५४ आली की दोघांच्याही अहवालात ७ च छापले जाईल. दुसऱ्याला पहाटे फुटणारा घाम त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. उलट, उपाशीपोटी ११० येऊनही अहवाल ८ दाखवतो तेव्हा बऱ्याचदा जेवणानंतरची साखर मोजलेलीच नसते. तिथे रोजच्या मोजणीतली उणीव हा आकडा उघडी पाडतो, आणि त्याचे खरे मोल हेच आहे.

सारा हिशेब पेशी १२० दिवस जगते या गृहीतावर उभा आहे. रक्तस्राव झाला, नुकतेच रक्त चढवले किंवा पेशी अकाली फुटत असल्या, तर साखर जास्त असूनही आकडा कमी येतो. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या पंडुरोगात तो विनाकारण वाढू शकतो. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल आढळतो, त्यामुळे तिथे आकडा फसवा असल्याची शंका आधी घ्यायला हवी. ग्लुकोमीटरचे आकडे आणि अहवाल यांचा मेळ बसत नसेल, तर प्रथम हिमोग्लोबिन तपासावे. सिकलसेल आजार असलेल्या रुग्णात या टक्केवारीवर विसंबता येत नाही. तिथे थेट रक्तशर्करा मोजतात, किंवा रक्तातील प्रथिनांवर आधारलेली, दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामाइन तपासणी करतात.