बहुकथात्मक चित्रपट

स्वतंत्र पात्रे असलेल्या दोन किंवा अधिक कथा एकत्र मांडणारा चित्रपटप्रकार. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. कथासंग्रहपटात एक कथा संपल्यावर दुसरी सुरू होते आणि त्यांना एखादे सूत्र बांधून ठेवते, उदा., सत्यजित राय यांचा ‘तीन कन्या’ (१९६१) व सचिन कुंडलकर यांचा ‘गंध’ (२००९). गुंफणपटात कथा एकमेकींत शिरतात. आलेहान्द्रो गोन्सालेस इन्यारितू दिग्दर्शित मेक्सिकन चित्रपट ‘आमोरेस पेर्रोस’ (२०००, पटकथा गिएर्मो आरिआगा) हे त्याचे ठळक उदाहरण होय.

रचना : मेक्सिको सिटीतील एका मोटार-अपघातात तीन कथा एकत्र येतात. भावजयीच्या, सुसानाच्या, प्रेमात पडलेला ओक्ताव्हिओ पैशासाठी कोफी या कुत्र्याला झुंजीत उतरवतो. त्याची मोटार मॉडेल वालेरियाच्या मोटारीवर आदळते व पुढे तिला पाय गमवावा लागतो. रस्त्यावरचा भाडोत्री मारेकरी एल चीवो जखमी कोफीला उचलून नेतो. प्रत्येक भागाला पात्रांच्या नावांचे शीर्षक आहे, मात्र भागांच्या सीमा पक्क्या नाहीत. चीवो पहिल्या कथेतही ओझरता दिसतो आणि ओक्ताव्हिओच्या कथेचा शेवट तिसऱ्या भागात येतो.

आकलन : सगळी नावे लक्षात ठेवण्याची गरज नसते. एक ठळक घटना खुंटीसारखी धरावी आणि समोरचा प्रसंग तिच्या आधीचा की नंतरचा, एवढे पाहावे. येथे अपघात ही ती खुंटी. तो वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा दिसतो, तेव्हा काळ मागे गेल्याचे कळते. कोफी कोणाकडे आहे, यावरूनही काळ ओळखता येतो.

यशापयशाची कारणे : योगायोगाने संकट ओढवले तर प्रेक्षक ते मान्य करतो, योगायोगानेच ते सुटले, तर कथा लटकी वाटते. या चित्रपटात अपघात कोणाचाही प्रश्न सोडवत नाही. शिवाय कथांना जोडणारा धागा अपघातापेक्षा खोल आहे. ओक्ताव्हिओ सख्ख्या भावाचा घात करू पाहतो. चीवोला एक माणूस सावत्र भावाच्या खुनाची सुपारी देतो. झुंजीत तयार झालेला कोफी चीवोची सगळी कुत्री मारतो. चीवो त्याच्यावर पिस्तूल रोखतो, पण गोळी झाडत नाही. पुढे तो सुपारी देणाऱ्याला व त्याच्या सावत्र भावाला बांधून, मध्ये पिस्तूल ठेवून निघून जातो. कुत्र्याच्या प्रसंगामुळे हा निर्णय पटतो. म्हणजे एका कथेतील कृती दुसरीचा अर्थ उलगडते.

वालेरियाची कथा मात्र मुख्यतः एका सदनिकेत घडते आणि अपघाताखेरीज इतर दोन कथांशी तिचा घटनात्मक संबंध फारसा नाही. त्यामुळे मध्यावर वेग मंदावतो. एखादी कथा काढून टाकली तरी बाकीच्यांचा अर्थ तसाच राहत असेल, तर तिची गुंफण कच्ची समजावी.