इथून तिथे जाणारी फळी : प्रस्तावना

पडद्यावर एक फळी आहे. तिचा `x` आत्ता १०० आहे आणि दोन सेकंदांत तो ५०० व्हायचा आहे. उड्या मारत पुढे जायच्या खेळांत खड्ड्यावरून खेळाडूला पलीकडे नेणारी जी फळी असते, तीच ही. या पुस्तकातला बराचसा विषय या एका फळीत मावतो, म्हणून पहिली काही प्रकरणं मी तिच्यावरच रेंगाळलो आहे. वाचकाला व्हेरिएबल, फंक्शन आणि `if` एवढं येत असलं तरी पुरे. गणितही, एक जागा सोडली तर, शाळेतलंच आहे.

अर्धं अंतर कापल्यावर फळी कुठे असेल? ३०० वर. पाव अंतर कापल्यावर? २०० वर. हे उत्तर तोंडी काढताना मनात जे घडतं तेच एका ओळीत लिहिलं की रेषीय अंतर्वेशन होतं. कोड लिहिणारे त्याला लर्प म्हणतात.

```
lerp(a, b, t) = a + (b - a) * t
```

सुरुवातीच्या जागेत एकूण अंतराचा `t` एवढा हिस्सा मिळवायचा, बस्स. `t` शून्य असेल तर फळी `a` वर, एक असेल तर `b` वर.

या ओळीत काय नाही तेही पाहायला हवं. तिच्यात वेळ नाही, वेग नाही, फ्रेमही नाहीत. हिस्सा सांगा, मी जागा सांगते, एवढंच तिचं म्हणणं. दोन सेकंद ही गोष्ट बाहेरून, आपणच आणायची असते. लर्प ‘चालत नाही’ म्हणून येणाऱ्या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा हाच गैरसमज असतो, की फळी हलवण्याचं काम लर्प करतं.

म्हणून या पुस्तकात कोड नेहमी तीन पायऱ्यांत लिहिला आहे. आधी घड्याळ, मग वळण, मग जागा. गोडो इंजिनमध्ये, दर फ्रेमला चालणाऱ्या `_process(delta)` या फंक्शनमध्ये, ते असं दिसतं:

```
elapsed += delta
var t = clamp(elapsed / 2.0, 0.0, 1.0)
var e = t * t * (3.0 - 2.0 * t)
position.x = lerp(100.0, 500.0, e)
```

`delta` म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, सेकंदांत. तो साठवत गेलं की किती वेळ झाला ते कळतं, आणि त्याला दोनने भागलं की वेळेचा किती हिस्सा सरला ते कळतं. तिसरी ओळ वळणाची. ती क्षणभर गाळून `lerp` ला थेट `t` दिला, तर फळी दोन्ही सेकंद सेकंदाला २०० पिक्सेल याच वेगाने जाते. पहिल्या फ्रेमला ती उभी असते आणि दुसऱ्या फ्रेमला एकदम पूर्ण वेगात. पोचल्यावर तितक्याच झटक्यात थांबते. डोळ्याला हे खटकतं, कारण वजन असलेली वस्तू अशी सुटत नाही आणि अशी थांबतही नाही.

तिसऱ्या ओळीतल्या वळणाला स्मूदस्टेप म्हणतात. त्याचे आकडे एकदा हाताने काढून पाहावेत. अर्ध्या सेकंदाला `t` ०.२५ असतो. त्याचा वर्ग ०.०६२५, त्याला २.५ ने गुणलं की ०.१५६२५. म्हणजे सरळ चालीची फळी २०० वर पोचलेली असते, तेव्हा ही जेमतेम १६२.५ वर असते. एका सेकंदाला दोघी ३०० वर भेटतात. दीड सेकंदाला ही ४३७.५ वर असते आणि सरळ चालीची ४०० वर. मधल्या क्षणी हिचा वेग सेकंदाला ३०० पिक्सेल होतो, सरासरीच्या दीडपट. अंतर तेच, वेळ तोच. सुरुवातीला आणि शेवटी जी सबुरी दाखवली, तिची भरपाई मध्ये करावी लागते. वळण निवडताना हे ध्यानात ठेवावं लागतं, कारण फळीवर उभ्या असलेल्या खेळाडूला तो मधला वेगही सोसायचा असतो.

`clamp` विसरलं तर काय होतं, हे मुद्दाम करून पाहण्यासारखं आहे. सरळ चालीची फळी ५०० ओलांडून पुढे चालत राहते, पडद्याबाहेर जाते, आणि चूक लगेच लक्षात येते. स्मूदस्टेपची फळी मात्र ५०० वर नीट, हळुवार पोचते आणि मग उलटी फिरते. तिसऱ्या सेकंदाला `t` १.५ होतो, कंसातलं उत्तर शून्य येतं आणि फळी बरोबर १०० वर परत येते. पाहणाऱ्याला वाटतं, वा, येरझारा आपोआप जमल्या. चौथ्या सेकंदाला ती उणे १५०० वर असते. युनिटीमधलं `Mathf.Lerp` हिस्सा स्वतःच शून्य ते एकमध्ये कोंडून घेतं, गोडोचं `lerp` तसं करत नाही. एका इंजिनातून दुसऱ्यात कोड नेताना हा फरक हमखास नडतो.

वळणांची ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. हाताने चित्रं काढून ॲनिमेशन करण्याच्या काळात मुख्य चित्रकार हालचालीची टोकाची चित्रं काढी आणि मधली चित्रं सहायक भरत. मधलं कोणतं चित्र कुठे पडावं, हे सांगायला मुख्य चित्रकार कागदाच्या कडेला एक रेघ ओढून तिच्यावर खुणा करी. टोकांजवळ खुणा दाट असल्या की हालचाल तिथे मंद होई. डिस्नेचे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१च्या ‘द इल्यूजन ऑफ लाइफ’ या ग्रंथात ॲनिमेशनची जी बारा तत्त्वं मांडली, त्यांत हळू निघणं आणि हळू पोचणं हे एक आहे. पुढे फ्लॅशच्या काळात रॉबर्ट पेनर यांनी अशा वळणांची सूत्रं एकत्र केली. २००२च्या त्यांच्या पुस्तकातून ती सर्वदूर गेली आणि आज इंजिनांच्या यादीत दिसणारी `easeInQuad`, `easeOutCubic` छापाची नावं त्याच परंपरेतली आहेत.

कडेच्या त्या खुणा आजही उपयोगी आहेत. फळी हलत असताना दर पाचव्या फ्रेमला तिच्या जागी एक ठिपका सोडा आणि तो पुसू नका. सरळ चालीचे ठिपके समान अंतरावर पडतील, स्मूदस्टेपचे टोकांशी दाटतील आणि मध्ये विरळ होतील. हालचाल कुठेतरी बिघडली आहे पण काय ते कळत नाही, अशा वेळी आलेख काढण्याआधी मी हे ठिपके पाहतो. मध्येच दोन ठिपक्यांत मोठी फट पडली असेल, तर तिथे वेगाने उडी मारली आहे.

कोणतं वळण कुठे, याचा सगळा ऊहापोह प्रस्तावनेत करत नाही. एकच उदाहरण देतो. बटण दाबल्यावर ०.२ सेकंदांत सरकून येणारी पाटी घ्या. तिला `t * t` हे हळू निघणारं वळण दिलं, तर ०.०५ सेकंदानंतर ती जेमतेम सहा टक्के सरकलेली असते. बोट उचललं तरी काही घडलेलं दिसत नाही आणि खेळ मठ्ठ वाटतो. `1 - (1 - t) * (1 - t)` दिलं तर तेवढ्याच वेळात ती जवळजवळ ४४ टक्के आलेली असते. एकूण वेळ एकच, पण दुसरी पाटी चटपटीत वाटते. बंदुकीची गोळी, सरकता पट्टा, मागे सरकणारं आकाश यांना कसलंच वळण लावू नये. नवं हत्यार हाती आलं की ते सगळीकडे चालवून पाहण्याचा मोह होतोच.

आता ज्या ओळीसाठी दोन प्रकरणं खर्ची घातली आहेत, ती ओळ:

```
position.x = lerp(position.x, 500.0, 0.1)
```

दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा दहावा हिस्सा कापायचा. सुरुवातीला झपकन, मग मंद, दिसायला झकास. घड्याळाची पायरी नाहीच. आणि तिथेच घात आहे. सेकंदाला ६० फ्रेम देणाऱ्या फोनवर अर्ध्या सेकंदात तीस वेळा कपात होते आणि ४०० पैकी सुमारे १७ पिक्सेल उरतात. फोन तापून ३० फ्रेमवर आला, तर त्याच अर्ध्या सेकंदानंतर ८२ पिक्सेल उरलेले असतात. १२० फ्रेमच्या पडद्यावर एक पिक्सेलही उरत नाही. खेळ एकच, पण प्रत्येक फोनवर त्याचा स्वभाव वेगळा. शिवाय प्रत्येक वेळी काहीतरी उरतंच, त्यामुळे `position.x == 500.0` झाल्यावर दार उघडायचं ठरवलं असेल तर दारापाशी ताटकळत बसावं लागतं. तिथे अंतर अर्ध्या पिक्सेलपेक्षा कमी झालं का, असं विचारावं.

उपाय म्हणजे कपातीचा हिस्सा गेलेल्या वेळेवरून काढायचा:

```
position.x = lerp(position.x, 500.0, 1.0 - exp(-6.3 * delta))
```

शाळेपलीकडचं गणित म्हणालो ते हे `exp`. ते असं का, याची फोड सातव्या प्रकरणात आहे. तूर्त एवढंच पाहा की ६० फ्रेमला हा हिस्सा सुमारे ०.१ येतो आणि ३० फ्रेमला सुमारे ०.१९. दहाव्या हिश्शाच्या दोन कपाती लागोपाठ केल्या तरी ०.१९ च जातं. म्हणून दोन्ही फोनांवर फळी एकाच वेळी एकाच ठिकाणी दिसते.

या ओळीला मी सरसकट वाईट ठरवलेलं नाही. खेळाडूच्या मागे जाणारा कॅमेरा घ्या. त्याचं लक्ष्य दर फ्रेमला हलतं, त्यामुळे सुरुवात, शेवट आणि मुदत ठरवून टाकणारी आपली तीन पायऱ्यांची रीत तिथे कुचकामी आहे. तिथे पाठलागच हवा. उलट फळीची दोन्ही टोकं आणि मुदत आधीच माहीत असतात, म्हणून तिला घड्याळ शोभतं.

या दोहोंच्या मध्ये एक अवघड जागा आहे. फळी ३०० वर, ऐन वेगात असताना खेळाडूने कळ दाबून तिला परत बोलावलं. `elapsed` शून्य करून ३०० पासून १०० पर्यंत नवी फेरी सुरू केली, तर दोन गोष्टी बिघडतात. सेकंदाला ३०० पिक्सेलचा वेग एका फ्रेममध्ये शून्य होतो आणि निम्मं अंतर कापायला पुन्हा पूर्ण दोन सेकंद लागतात. मुदत अंतराच्या प्रमाणात एक सेकंद केली की दुसरी अडचण सुटते. पहिली सुटत नाही, कारण स्मूदस्टेप प्रत्येक फेरी शून्य वेगानेच सुरू करतं आणि आधीचा वेग त्याला सांगायची सोयच त्याच्या सूत्रात नाही. त्यासाठी जागेबरोबर वेगही सांभाळणारी स्प्रिंग लागते. पुस्तकाचा शेवटचा तिसरा भाग तिच्यासाठी राखला आहे. घाई असलेल्या वाचकाने सातवं प्रकरण झाल्यावर थेट तिकडे जायला हरकत नाही.