घटनाध्वज (संगणक खेळ)

खेळाडूच्या निर्णयाची हो-नाही किंवा अंकाच्या रूपात ठेवलेली नोंद. पात्राला पूर्ण संवाद आठवत नाही. पुढचे वाक्य निवडताना खेळाचा प्रोग्रॅम फक्त ही नोंद तपासतो. बायोवेअरच्या ‘मास इफेक्ट’मध्ये (2007) जिवंत सोडलेली रॅक्नाय राणी दुसऱ्या भागात (2010) दूताकरवी निरोप धाडते, तो अशाच ध्वजामुळे. 2011 मध्ये प्लेस्टेशन 3 वर दुसरा भाग आला, तेव्हा पहिला तिथे नव्हता. म्हणून एका छोट्या चित्रकथेत मोजके निर्णय विचारून ध्वज भरले गेले. स्मृतीला संवादांची गरज नसते, याचा हा सबळ पुरावा होय.

यात बारकावे हरवतात, हा आक्षेप खरा आहे. परंतु संवाद जसेच्या तसे साठवले, तरी त्यांचा अर्थ लावून लेखकाने लिहिलेल्या प्रतिसादांपैकी एक निवडावाच लागतो. खरा धोका चुकीच्या ध्वजाचा. दुसऱ्या भागाच्या मूळ आवृत्तीत कॉनरॅड व्हर्नर हे पात्र, पहिल्या भागात त्याच्याशी सौम्यपणे वागलेल्या खेळाडूवरही आपल्यावर बंदूक रोखल्याचा आरोप करते. ताडून पाहायला मूळ संवाद नसल्याने खेळाला ही चूक कळत नाही, खेळाडूला मात्र तत्काळ कळते. तिसऱ्या भागात (2012) लेखकांनी कॉनरॅडलाच त्याबद्दल माफी मागायला लावली.